फीची तारीख उजाडण्याआधी

महिन्याच्या फीवर चालणाऱ्या आपल्याकडच्या जिममध्ये "मी सोडतोय" असे सांगून सहसा कोणी जात नाही. फीची तारीख येते, रिसेप्शनवरून व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण जाते, निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर येत नाही. आठवडाभराने पुन्हा एक निरोप जातो, यावेळी थोडी सवलत देऊ करणारा. त्यालाही उत्तर येत नाही. मग ते नाव चालू सभासदांच्या यादीतून बंद झालेल्यांच्या यादीत जाते. मालकाच्या हिशेबात हा माणूस फीच्या तारखेला गेला. प्रत्यक्षात त्याचे येणे दोन-तीन आठवड्यांपूर्वीच विस्कटायला लागलेले असते, आणि ते विस्कटणे दारातल्या बायोमेट्रिक यंत्रात रोजच्या रोज नोंदलेले असते. ती नोंद कोणी उघडून पाहत नाही, एवढेच.

या गळतीचा आकडा किती मोठा असतो, ते एका नमुन्यावरून पाहू. समजा नाशिकच्या एखाद्या उपनगरात २४० सभासदांची जिम आहे, महिन्याची फी १,२०० रुपये. दरमहा शंभरात ८ जण गळत असतील, तर महिन्याला १९ सभासद जातात. यादी २४० वरच ठेवायची तर दर महिन्याला १९ नवे आणावे लागतात, म्हणजे वर्षाला सव्वादोनशेच्या वर; जवळपास आख्खी जिम नव्याने भरावी लागते. हीच गळती शंभरात ५ वर आली, तर महिन्याला १२ नवे पुरतात. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर एका जानेवारीत आलेल्या १०० जणांपैकी पुढच्या जानेवारीला पहिल्या हिशेबाने ३७ उरतात आणि दुसऱ्या हिशेबाने ५४. पत्रके, फलक, "दोघे या, एकाची फी भरा" असल्या योजना, या सगळ्यांवरचा खर्च बहुतेक या १९ आणि १२ मधल्या फरकापायी होतो.

सभासदाचे येणे थांबते कधी आणि पैसे थांबतात कधी, यातले अंतर मोजणारा एक अभ्यास अर्थशास्त्रात प्रसिद्ध आहे. स्टेफानो देलाव्हिन्या आणि उल्रिके माल्मेन्डियर या दोघांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त ठरावीक फी भरणारे लोक सरासरी महिन्यातून ४.३ वेळा येत होते. एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून अधिक पडत होते, आणि त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलर पडले असते. आपल्या विषयाला लागू पडणारा आकडा वेगळाच आहे. शेवटची खेप आणि सभासदत्व रद्द करणे यांत सरासरी २.३१ पूर्ण महिने जात होते. तिथे पैसे खात्यातून आपोआप वळते होत आणि थांबवायचे तर सभासदाला स्वतः कळवावे लागे. त्यामुळे मनाने गेलेला माणूस कागदावर दोन महिने सभासदच राहायचा.

आपल्याकडच्या गल्लीतल्या जिमचे गणित याच्या उलटे आहे. इथे सभासद दर महिन्याला स्वतः यूपीआयने किंवा रोखीने पैसे देतो. सोडण्यासाठी त्याला काहीच करावे लागत नाही, पैसे न दिले की झाले. अमेरिकन क्लबाला मिळणारे ते दोन महिने इथे मिळत नाहीत. सभासद शेवटचा आला तो दिवस आणि फीची तारीख यांत कधी वीस दिवस असतात, कधी पाच. जे काही करायचे ते एवढ्याच अवधीत. म्हणून "पंधरा दिवस आला नाही तर फोन करा" हा अनेक ठिकाणी चालणारा नियम मला निरुपयोगी वाटतो. पंधरा दिवस होईपर्यंत बऱ्याच जणांची फीची तारीख उलटून गेलेली असते.

या नियमात आणखी मोठी खोट आहे. तो सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. पहाटे सहाच्या बॅचला सोमवार ते शनिवार न चुकता येणारे एखादे निवृत्त काका पाच दिवस दिसले नाहीत, तर काहीतरी नक्की बिघडले आहे. फक्त बुधवार-रविवार येणारा आयटीतला मुलगा पाच दिवस दिसला नाही, तर त्याचा एखादा दिवस चुकला असेल, यापलीकडे त्याला अर्थ नाही. सभासदाची तुलना जिमच्या सरासरीशी न करता त्याच्याच आधीच्या सवयीशी करायची, ही या सगळ्या कामातली मुख्य गोष्ट आहे. त्यासाठी दोन साधी मापे पुरतात.

पहिले माप खेपांचे. गेल्या दोन आठवड्यांत माणूस किती वेळा आला आणि त्याआधीच्या सहा आठवड्यांत त्याचा वेग काय होता, हे पाहायचे. आताचा वेग जुन्याच्या निम्म्याहून खाली गेला की नाव यादीत. दुसरे माप अंतराचे. त्याच्या दोन खेपांमध्ये नेहमी जास्तीत जास्त किती दिवस जातात ते काढायचे, आणि चालू खंड त्याच्या दुपटीपुढे गेला की नाव यादीत. काकांचे नेहमीचे सर्वांत मोठे अंतर शनिवार ते सोमवार, म्हणजे दोन दिवसांचे. पाचव्या दिवशी ते यादीत येतात. त्या मुलाचे मोठे अंतर रविवार ते बुधवार किंवा बुधवार ते रविवार, म्हणजे फार तर चार दिवसांचे, म्हणून तो नवव्या दिवशी येतो.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. बँकेत काम करणाऱ्या एका काल्पनिक सभासद मॅडम घ्या. संध्याकाळी सातला, सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार असे त्यांचे येणे. पहिल्या सहा आठवड्यांच्या खेपा अशा: ४, ४, ३, ४, ४, ३. एकूण २२. सातव्या आठवड्यात त्या दोनदा आल्या, आठव्यात एकदाच, मंगळवारी. शेवटच्या दोन आठवड्यांच्या खेपा ३. जुन्या वेगाने दोन आठवड्यांत २२ भागिले ३, म्हणजे साधारण सात खेपा व्हायला हव्या होत्या. तीन हा आकडा सातच्या निम्म्याहून कमी आहे, म्हणून नवव्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी त्यांचे नाव यादीत येते. त्यांची फीची तारीख आहे त्याच आठवड्याच्या रविवारी. हातात सहा दिवस आहेत. पंधरा दिवसांच्या नियमाने हेच नाव त्याच्या पुढच्या बुधवारी आले असते, फीची तारीख उलटून तीन दिवस झाल्यावर. शिवाय सातव्या आठवड्यातच चार-तीनाचे दोन झाले होते. म्हणजे अजून त्या येत होत्या, समोर दिसत होत्या, तेव्हाच सवय सैल होत होती.

हे काढायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. बहुतेक बायोमेट्रिक यंत्रांतून हजेरीची फाइल काढता येते. तिच्यातला सभासद क्रमांक स्प्रेडशीटच्या पहिल्या रकान्यात आणि तारीख दुसऱ्यात ठेवायची, वेळेचा भाग वगळायचा. चौथ्या रकान्यात प्रत्येक सभासदाचा क्रमांक एकेकदाच लिहायचा आणि त्याच्यापुढे ही तीन सूत्रे टाकायची:

```
=COUNTIFS(A:A,D2,B:B,">="&TODAY()-14)
=COUNTIFS(A:A,D2,B:B,">="&TODAY()-56,B:B,"<"&TODAY()-14)
=TODAY()-MAXIFS(B:B,A:A,D2)
```

पहिले सूत्र गेल्या चौदा दिवसांच्या खेपा देते, दुसरे त्याआधीच्या सहा आठवड्यांच्या, तिसरे शेवटच्या खेपेला किती दिवस झाले ते. दुसऱ्या आकड्याला सहाने भागायचे. पहिला आकडा त्याहून लहान असेल तर माणूस यादीत. सोमवारी सकाळी जिम उघडण्याआधी हे केले, की चालू दिवसाची अर्धी हजेरी हिशेबात घुसत नाही.

घोळ होतो तो सूत्रांत नाही, हजेरीत. संध्याकाळच्या गर्दीत एकाने बोट लावून दार उघडले की मागचे चौघे तसेच आत येतात. यंत्राच्या लेखी ते चौघे गैरहजर. मग नियमित येणाऱ्या माणसाला "दिसला नाहीत बरेच दिवस" असा फोन जातो आणि तो रास्तपणे चिडतो. काही यंत्रे आत येताना आणि बाहेर जाताना अशी दोनदा नोंद करतात, तिथे एका खेपेच्या दोन होतात. म्हणून एका दिवसाची एकच नोंद ठेवायची आणि पहिले दोन-तीन आठवडे यादी फोनसाठी न वापरता ट्रेनरांना नुसती वाचून दाखवायची. "हे तर काल आले होते," असे उत्तर वारंवार आले, तर आधी दाराची शिस्त लावावी लागेल.

दुसरी फसगत आपल्या पंचांगाची. गणपतीत मुंबई-ठाण्याची निम्मी जिम कोकणात असते. दिवाळीचा आठवडा, मे महिन्यातली गावे, जुलैमधला धो-धो पाऊस, मार्चमधल्या परीक्षा आणि ऑफिसांची वर्षअखेर, या काळात सगळ्यांचीच हजेरी पडते आणि यादी फुगून शंभरावर जाते. शंभर फोन कोणी करत नाही, म्हणून एकही होत नाही. यावर उपाय सोपा आहे. आधी आख्ख्या जिमची हजेरी त्याच दोन मापांनी काढायची. गणपतीच्या पंधरवड्यात जिम नेहमीच्या ६० टक्क्यांवर आली असेल, तर प्रत्येकाची अपेक्षाही ६० टक्क्यांवर आणायची. मग त्या बँकेतल्या मॅडमकडून सात नव्हे तर साधारण साडेचार खेपांची अपेक्षा राहील, आणि तीन खेपा निम्म्याहून जास्त ठरतील. त्या यादीत येणार नाहीत. मात्र सण संपल्यावरच्या दुसऱ्या आठवड्यात, बाकीचे परतलेले असताना त्या परतल्या नसतील, तर ते लक्षण खरे.

यादी किती लांब हवी, हे आपल्या माणसांवर ठरवावे. २४० सभासद आणि चार ट्रेनर असतील, तर सोमवारच्या यादीत पंधरा-वीस नावे चालतात, प्रत्येकाला चार-पाच फोन. नावे पन्नास येत असतील तर अट निम्म्यावरून एक-तृतीयांशावर न्यावी. त्याने काही जाणारे सुटतील, पण जे फोन होतील ते नीट होतील.

नव्या सभासदाला ही मापे लागू पडत नाहीत, कारण त्याच्याजवळ मागचे सहा आठवडे नाहीत. आणि नवाच माणूस सर्वांत सहज सुटतो. कॅनडातल्या नवीन कौशल आणि रायन रोड्स यांनी २०१५ मध्ये नव्या जिम-सभासदांचा अभ्यास छापला. व्यायामाची सवय बसायला आठवड्याला किमान चार वेळा, असे सहा आठवडे लागतात, असे त्यांना आढळले. म्हणजे पहिले दीड महिने माणूस सवयीने येत नसतो, दर वेळी ठरवून येत असतो. एखादे लग्न, एखादा सर्दी-ताप एवढे निमित्त त्याला पुरते.

त्यातही पहिल्या आठवड्यात एक विशिष्ट गोष्ट घडते, आणि ती जिमच्याच हातून घडते. अंगाला सवय नसलेला व्यायाम केला की स्नायूंची खरी दुखी लगेच येत नाही, ती एक ते तीन दिवसांत वाढत जाते. पहिल्याच दिवशी उत्साहात ट्रेनरने चार सेट स्क्वॉट आणि वर लंजेस करून घेतले, तर तिसऱ्या दिवशी त्या माणसाला जिना उतरता येत नाही. आपल्याला काहीतरी इजा झाली, किंवा हे आपल्याला झेपणारे नाही, अशी त्याची समजूत होते. तो "बरे वाटले की येतो" म्हणतो आणि येत नाही. म्हणून नव्या माणसासाठी मी दोनच खुणा ठेवीन. पहिल्या खेपेनंतर चौथ्या दिवसापर्यंत दुसरी खेप झाली नाही, ही पहिली. पहिल्या चौदा दिवसांत पाचपेक्षा कमी खेपा, ही दुसरी. आणि पहिल्या दिवसानंतर दुसऱ्याच सकाळी ट्रेनरचा एक निरोप जायला हवा: "आज-उद्या मांड्या दुखतील, ते स्वाभाविक आहे, दोन-तीन दिवसांत कमी होईल. उद्या या, हलके चालणे आणि वरच्या अंगाचा व्यायाम करू. पण एखाद्या सांध्यात टोचल्यासारखे दुखले तर आधी मला सांगा." या निरोपाने एका नेमक्या गैरसमजाची वाट बंद होते.

यंत्रात न येणारी लक्षणे ट्रेनरच्या डोळ्यांना आधी दिसतात. सव्वा तास थांबणारा माणूस पस्तीस मिनिटांत निघतो. वजनांकडे न जाता ट्रेडमिलवर फोन बघत चालतो आणि जातो. साडेसहाचा माणूस पावणेआठला येऊ लागतो. आधी "सर, आता पुढे काय?" विचारायचा, आता विचारत नाही. लॉकरमधले बूट घरी नेतो. बरोबर येणारा मित्र किंवा जाऊबाई यायच्या बंद होतात. जोडीने आलेल्यांतला एक थांबला की दुसऱ्यावर त्याच आठवड्यात लक्ष ठेवावे. पर्सनल ट्रेनिंगचे पॅकेज संपल्यानंतरचा पंधरवडा असाच नाजूक, कारण इतके दिवस वेळ ठरलेली होती आणि कोणीतरी वाट पाहत होते, ते दोन्ही एकदम संपते. आणि एखादा आवडता ट्रेनर नोकरी सोडून गेला, तर त्याच्या हाताखालच्या सगळ्यांची नावे काही न मोजता यादीत घ्यावीत. या सगळ्यासाठी एक वही पुरते. रोज रात्री बंद करताना प्रत्येक ट्रेनरने वाटेल ती दोन नावे आणि पुढे चार शब्द लिहायचे. सोमवारच्या यादीतले नाव वहीतही असेल, तर पहिला फोन त्याला.

फोन कोणी करायचा, हा प्रश्न मला नियमांइतकाच महत्त्वाचा वाटतो. रिसेप्शनवरचा फोन आला की माणूस फीसाठी आलाय असे समजूनच उचलतो किंवा उचलत नाही. ज्याने व्यायाम शिकवला त्यानेच बोलावे. महिला सभासदांना शक्यतो महिला ट्रेनरनेच. संध्याकाळच्या बॅचला गर्दी वाढली, कोणी टक लावून बघते, आरशासमोरची जागा सोडावी लागते, अशा कारणांनी येणे बंद केलेल्या बाई पुरुष ट्रेनरला "ऑफिसात काम वाढलंय" एवढेच सांगतात. नोंदवहीत ते कारण "वेळ नाही" असे उतरते आणि जिमला खरी अडचण कधीच कळत नाही.

बोलणे थोडके असावे. "मॅडम, गेल्या आठवड्यात भेट झाली नाही, तब्येत ठीक आहे ना?" एवढ्याने सुरुवात करावी आणि मग ऐकावे. "किती दिवस झाले, येतच नाही तुम्ही!" हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी समोरच्याला ओशाळवाणे करते, आणि ओशाळलेला माणूस जिमच्या रस्त्याने जाणेही टाळतो. आपल्या उदाहरणातल्या मॅडमनी सांगितले असे समजा, की तिमाहीअखेरीमुळे शाखेतून निघायला साडेसात होतात आणि आठला पोहोचून तासभर थांबायचे त्राण उरत नाही. इथे सवलत देऊन काय उपयोग? त्यांची अडचण पैशांची नाही. ट्रेनरने त्यांना तीस मिनिटांचा, तीन व्यायामांचा छोटा आराखडा द्यावा, दोनच दिवस ठरवून घ्यावेत आणि पहिला दिवस नावानिशी पक्का करावा: "गुरुवारी आठ वाजता मी आहे, अर्ध्या तासात सोडतो." गुडघा दुखत असता तर उत्तर वेगळे असते. वजनकाटा हलत नाही म्हणून हिरमोड झालेल्याला त्याचीच पहिल्या आठवड्यातली नोंद दाखवावी, तेव्हा किती किलो उचलत होता आणि आता किती. परगावी बदली झाली असेल तर शुभेच्छा द्याव्यात आणि नाव आदराने बंद करावे. पैशांची ओढ असेल तर महिना-दोन महिने सभासदत्व गोठवून ठेवण्याची, म्हणजे फ्रीझची, सोय द्यावी. कारण कळण्याआधीच सवलत पुढे केली, तर एवढेच ठरते की जिमची खरी किंमत कमी आहे आणि गैरहजर राहिले की ती मिळते.

परत येण्याच्या पहिल्या दिवसाला एवढे महत्त्व का, याला चांगला आधार आहे. अमेरिकेतल्या २४ अवर फिटनेस या जिम-साखळीच्या ६१,२९३ सभासदांवर केटी मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार आठवड्यांचे ५४ वेगवेगळे उपाय एकाच वेळी करून पाहिले. २०२१ मध्ये 'नेचर' नियतकालिकात निकाल आले. ४५ टक्के उपायांनी आठवड्याच्या खेपा ९ ते २७ टक्क्यांनी वाढल्या. सर्वांत वर आलेला उपाय असा: ठरवलेली खेप चुकल्यावर पुन्हा येणाऱ्याला थोडे जादा गुण, ज्यांची किंमत जेमतेम ९ सेंट. रोज येणाऱ्याला बक्षीस देण्यापेक्षा चुकल्यानंतर परतणाऱ्याला दिलेली एवढीशी दाद अधिक लागू पडली. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जिमचालकांनी विसरू नये. चार आठवडे संपल्यावरही ज्यांचा परिणाम मोजता येण्याजोगा टिकला, असे उपाय फक्त ८ टक्के होते. म्हणून एका फोनने माणूस परत आला की त्याचे नाव यादीतून काढू नये. पुढचे चार सोमवार ते वेगळ्या रंगात ठेवावे.

आता सर्वांत अवघड भाग: हे फोन खरोखर लागू पडतात की नाही, हे ओळखायचे कसे? यादीतल्या वीस जणांना फोन केले, बारा परतले, म्हणजे बारा वाचवले, असा हिशेब बहुतेक जण करतात. तो चुकीचा आहे. त्यातले कित्येक आजारातून, लग्नघरातून, दौऱ्यावरून आपणहून परतणारच होते. खरे उत्तर हवे तर तीन-चार महिने यादीतल्या सम क्रमांकाच्या सभासदांना फोन करावेत आणि विषम क्रमांकाच्यांना नेहमीसारखेच ठेवावे. मग दोन महिन्यांनी दोन्हीकडचे किती जण फी भरताहेत ते पाहावे. समजा चार महिन्यांत दोन्हीकडे तीस-तीस जण जमले. फोन केलेल्यांतले १८ टिकले आणि न केलेल्यांतले १३. तर फोनची कमाई १८ नाही, ५ आहे. तीसच्या गटात पाचाचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, म्हणून एवढ्यावर ढोल वाजवू नये. वर्षभर तोच कल राहिला तर विश्वास ठेवावा. अर्ध्या लोकांना मुद्दाम फोन न करणे मालकांना जिवावर येते, पण त्यावाचून आपण करतो ते काम आहे की समाधान, हे कळत नाही.

फोनमुळे नुकसानही होऊ शकते. इव्हा अस्कार्झा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मोबाइल ग्राहकांवरचा एक प्रयोग छापला. कंपनीने ग्राहकांना त्यांच्या वापराला जास्त सोयीचे प्लॅन आपणहून सुचवले, आणि ज्यांना सुचवले त्यांच्यातच सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले. विचार न करता चाललेल्या व्यवहाराकडे त्यांचे लक्ष वेधले गेले होते. जिममध्ये हा धोका खात्यातून आपोआप पैसे जाणाऱ्या सभासदांच्या बाबतीत खरा आहे. न येता पैसे भरणाऱ्याला कशाला जागे करा, असा सल्ला म्हणूनच काही जण देतात. मला तो पटत नाही. आपल्याकडे ऑटोपेचे पैसे वळते होण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना देण्याचा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यामुळे जागे करण्याचे काम दर महिन्याला बँक करतेच. त्या सूचनेच्या आधी आपला ट्रेनर बोललेला असणे केव्हाही बरे. आणि दुसरे असे, की माणूस येत नाही हे ठाऊक असताना त्याचे पैसे गप्प राहून घेत राहणे हा सचोटीचा धंदा नव्हे.

तेवढीच सचोटी हजेरीच्या नोंदींबाबत हवी. बोटाचा ठसा आणि येण्या-जाण्याच्या वेळा ही सभासदाची खासगी माहिती आहे. आपली हजेरी पाहून जिम फोन करते, हे प्रवेश घेतानाच त्याला सांगावे, नको असेल तर नाव वगळावे आणि ही यादी ट्रेनरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फिरवू नये. महिला सभासदांच्या येण्या-जाण्याच्या वेळा तर मुळीच नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. बिघडलेला एसी, महिनोन् महिने बंद असलेली केबल मशीन, अस्वच्छ चेंजिंग रूम आणि पीटी घेण्यासाठी मागे लागणारे ट्रेनर असतील, तर यादी फक्त जाणाऱ्यांची नावे आधी सांगेल, त्यांना थांबवणार नाही. उलट तीन-चार सोमवारी एकच कारण पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागले, तर ते माणसांचे लक्षण नसून जिमचे आहे असे धरावे आणि फोन थांबवून ते कारण दुरुस्त करावे.

हे वाचणारे बहुतेक जण जिमचे मालक नसतील, सभासद असतील. त्यांना सांगायचे ते इतकेच. दोन आठवड्यांत तुमच्या खेपा निम्म्यावर आल्या असतील, तर फीची तारीख येण्याची वाट पाहू नका. ट्रेनरला खरे कारण सांगा, अर्ध्या तासाचा व्यायाम मागा, आणि पुढचा महिना जमणारच नसेल तर तारखेच्या आधी लेखी कळवून सभासदत्व फ्रीझ करून घ्या.